आत्याचा हिस्सा माझ्या नावावर: हक्कसोड, दानपत्र की व्यवस्थापत्र? (खानापूर तालुका)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. घरगुती प्रश्न आहे, पण खानापुरात तिघांना विचारले आणि तीन उत्तरे मिळाली, म्हणून इथे लिहितोय.

खानापूर तालुक्यात आमची 3 एकर 12 गुंठे जमीन आहे. आजोबा 2014 साली वारले, मृत्युपत्र केले नव्हते. वारसा लावल्यावर उताऱ्यावर तीन नावे आली: आजी, बाबा आणि आत्या. आत्या कोल्हापूरला असते. तिला आपला हिस्सा मला द्यायचा आहे, बाबांना नाही. कारण स्पष्टच सांगतो. बाबांच्या डोक्यावर धंद्याचे कर्ज आहे आणि एक देणेकरी कोर्टात गेलाय. आत्या म्हणते, "तुझ्या बाबाच्या नावावर केलं तर उद्या जप्ती येईल. मी थेट तुला सोडते."

स्टँप व्हेंडरकडे बसणारा लेखक म्हणाला, हक्कसोड करून टाकू, हजार-दोन हजारात काम. दुसरा म्हणाला, दानपत्रच लागेल. तिसऱ्याने सेटलमेंट डीड असे काहीतरी सांगितले आणि पाच हजार फी मागितली. या तिघांत नेमका फरक काय? मी पुण्यात नोकरीला आहे, फेऱ्या मारणे परवडत नाही.

रंकाळा_कट्टा
एवढे कशाला घोळ घालताय? हक्कसोडपत्र करा. माझ्या बहिणीने करवीरमध्ये मला असेच करून दिले, मुद्रांक फार तर पाचशे. आणि दानपत्र केले तरी मुलाला-नातवाला फक्त 200 रुपये मुद्रांक आहे. सरकारनेच सवलत दिली आहे. एका दिवसात काम झाले.

निपाणी_नाका
रंकाळाभाऊ, ते तुमच्या महाराष्ट्रातले. जमीन खानापुरात म्हणजे कर्नाटकचा मुद्रांक कायदा. आत्या कोल्हापुरात राहते म्हणून महाराष्ट्राचा दर लागत नाही. मोबाईलवर वाचून 200 च्या हिशोबाने आलेली माणसे इथल्या सबरजिस्टर कचेरीतून परत जाताना मी कितीदा पाहिलीत.

आणि मलप्रभाकाठ, आत्याने भाच्याला हक्कसोड करता येत नाही. बेकायदा आहे. हक्कसोड फक्त हिस्सेदाराला. विषय संपला.

चिकोडीची_माहेरवाशीण
पहिल्यांदा कुठलीतरी आत्या आपल्या मनाने हिस्सा देते असे वाचले. आमच्याकडे भावांनी मला आणि बहिणीला 100 रुपयांच्या बाँडवर सह्या करायला लावल्या, नोटरी केली, साडी-चोळी दिली आणि "हक्क सोडला" म्हणाले. 2011 ची गोष्ट. उताऱ्यावर आमची नावे कधी आलीच नाहीत. म्हणजे आमचा हक्क गेला का?

जुना_दस्तलेखक
तीस वर्षे बेळगाव, खानापूर आणि हुक्केरीच्या कचेऱ्यांत दस्त लिहिले, आता घरी बसलोय. सवडीने लिहितो.

आधी ताईंचे. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीने शिक्का मारला म्हणजे नोंदणी होत नाही. त्या बाँडने तुमचा हिस्सा गेला नाही. उताऱ्यावर नाव नाही म्हणूनही जात नाही, कारण उतारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी त्याने ठरत नाही. पण दहा-पंधरा वर्षे गप्प बसलात याचा वापर समोरचा कोर्टात करणारच. वकिलाला लवकर गाठा. इथे जास्त लिहीत नाही, धागा दुसऱ्याचा आहे.

मलप्रभाकाठ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका गोष्टीवर अडते. आजोबांच्या हातात ती जमीन आली कशी? त्यांनी विकत घेतली होती, की त्यांच्या वडिलांकडून आली होती? ते सांग, मग पुढे बोलू.

मलप्रभाकाठ
विकत घेतलेली. आजोबा सरकारी नोकरीत होते. 1978 चे खरेदीखत घरात आहे, जुन्या ट्रंकेत. पण याने काय फरक पडतो?

जुना_दस्तलेखक
सगळाच पडतो.

वडिलोपार्जित असती तर तू जन्मापासून त्यात हिस्सेदार असतास. मग आत्याने तुझ्या नावे हक्क सोडणे निदान ऐकायला तरी बरोबर वाटले असते. पण ही आजोबांची स्वकष्टार्जित. ते मृत्युपत्राशिवाय गेले, तेव्हा बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा एक तृतीयांश मिळाला. तुझ्या बाबांना मिळाले ते त्यांचे स्वतःचे. बाबा आहेत तोवर तुझा त्यात आज काही हक्क नाही.

आता हक्कसोड म्हणजे काय ते बघ. एका घरात तीन माणसे राहतात, एकजण म्हणतो मी बाहेर पडतो, माझी खोली तुम्ही वापरा. खोली आत असणाऱ्यांनाच मिळते. तू अजून उंबऱ्याबाहेर आहेस. आत्या ज्याला "सोडते" त्याचा आधी काही हक्क असला पाहिजे, आणि तुझा नाही. तुला द्यायचे तर ते देणे झाले, सोडणे नव्हे. त्याचे नाव दान.

निपाणी_नाका, तुम्ही अर्धे बरोबर. "बेकायदा" हा शब्द जरा जड झाला. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये कुप्पुस्वामी चेट्टियारच्या प्रकरणात सांगितलेय की मथळा हक्कसोडीचा असला आणि घेणाऱ्याचा आधी काही हक्क नसला, तरी मालकी देण्याचा हेतू शब्दांत स्पष्ट असेल आणि दस्त नोंदलेला असेल तर तो दान म्हणून चालू शकतो. म्हणजे दस्त मरत नाही. पण दान म्हटले की दोन साक्षीदारांनी साक्षांकन केलेले लागते, आणि मुद्रांकही दानाचाच मागतात. हक्कसोडीत साक्षीदाराकडे कोणी फारसे बघत नाही, तिथे दस्त लंगडा होतो. वर मुद्रांक कमी भरला म्हणून नंतर दंडाची नोटीस येते ती वेगळीच. त्या लेखकाने हजारात काम म्हटले ते यामुळे फसवे आहे.

तिसरे_रेल्वे_गेट
मग सरळ दानपत्र करा ना. आत्या म्हणजे रक्ताचे नाते, कुटुंबातच येते.

जुना_दस्तलेखक
इथेच गंमत आहे. आयकर खात्याला आत्या नातेवाईक वाटते. आई-वडिलांच्या भावा-बहिणीकडून मिळालेल्या भेटीवर भाच्याला आयकर लागत नाही. पण कर्नाटकच्या मुद्रांक कायद्यात दानाच्या सवलतीसाठी कुटुंब म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुले, सून, भाऊ-बहीण आणि नातवंडे. आत्याने भावाला दिले तर सवलत. भावाच्या मुलाला दिले तर नाही. एकच नाते, दोन कायदे, दोन उत्तरे.

सवलतीत रक्कम ठरावीक असते. महापालिका हद्दीत 5000, नगरपालिका किंवा पट्टण पंचायतीत 3000, बाकी खेड्यांत 1000, त्यावर सेस आणि सरचार्ज. सवलतीबाहेर गेले की सरकारने ठरवलेल्या मार्गदर्शी किमतीवर 5 टक्के.

तुझा हिशोब करू. 3 एकर 12 गुंठे म्हणजे 132 गुंठे. आत्याचा तिसरा हिस्सा 44 गुंठे, 1 एकर 4 गुंठे. मार्गदर्शी किंमत एकरी 10 लाख धरू (खरी किंमत कावेरी पोर्टलवर गाव टाकून बघ), तर हिस्सा 11 लाखांचा. मुद्रांक 55,000. त्यावर खेड्यात सेस 10 टक्के आणि सरचार्ज 3 टक्के, म्हणजे आणखी 7,150. नोंदणी फी 2025 च्या ऑगस्टअखेर एकावरून दोन टक्के झाली, ती 22,000. एकूण 84,150. थेट आत्याकडून तुला दान करायचे तर एवढा खर्च.

रंकाळा_कट्टा
अबब! मग आत्याने बाबांना हक्कसोड करावी आणि बाबांनी मुलाला दानपत्र. दोन्ही सवलतीत. झाले की काम.

मलप्रभाकाठ
पण तेच तर आत्याला नको आहे. मध्ये एक दिवस जरी बाबांच्या नावावर आले तरी?

जुना_दस्तलेखक
एक दिवसही नको. कोर्टात देणेकरी असताना बाबांच्या हाती मालमत्ता आली आणि त्यांनी ती फुकट मुलाला दिली, तर देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेला व्यवहार म्हणून तो माणूस ते दान रद्द करून मागू शकतो. आत्याची भीती खरी आहे. रंकाळा, तुमचा मार्ग कर्ज नसलेल्या घरात ठीक.

दुसरा मार्ग आहे. आजी. आजी आधीच हिस्सेदार आहे, म्हणजे आत्याने आजीच्या नावे हक्कसोड केली तर ती खरी हक्कसोड. आणि आई या नात्याने आजी सवलतीतही बसते. मग आजीने तोच हिस्सा नातवाला द्यायचा, नातू दानाच्या यादीत आहे. दोन्ही दस्त ठरावीक रकमेत. बाबांचे नाव मध्ये येतच नाही.

पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, हक्कसोडीत "आईच्या नावे" असे स्वच्छ लिहिले पाहिजे. नुसते "माझा हिस्सा सोडला" लिहिले तर तो उरलेल्या दोघांच्या पदरात पडतो. म्हणजे आजीला सहावा, बाबांना सहावा. जे टाळायला एवढा खटाटोप, तेच होऊन बसेल. मी असे दस्त पाहिलेत, आणि चूक लक्षात येते तेव्हा बहीण हयात नसते.

दुसरे, दोन दस्तांमध्ये दिवस जाऊ देऊ नकोस. हक्कसोड झाली आणि दान होण्याआधी आजीचे काही झाले, तर तो हिस्सा आजीचा म्हणून पुन्हा बाबा आणि आत्यात अर्धा-अर्धा. एकाच दिवशी, आधी हक्कसोड, तिचा दस्त क्रमांक आला की तो घालून दुसरा दस्त.

तिसरे, गुंठे लिहू नका. "44 गुंठे, पूर्वेकडील बाजू" असे लिहिलेत की सर्व्हे नंबरचा तुकडा देता असा अर्थ होतो आणि 11ई नकाशा मागतात. मोजणीला महिने जातात. "अविभक्त एक तृतीयांश हिस्सा" असे लिहा.

निपाणी_नाका
अविभक्त हिस्सा दान करता येत नाही ना? आमच्या वकिलांनी तसे सांगितले होते.

जुना_दस्तलेखक
ते एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित हिश्श्याचे. तिथे वाटणीआधी आपला हिस्सा एकट्याने दुसऱ्या एकाला दान केला तर चालत नाही. 2022 साली सुप्रीम कोर्टात कर्नाटकातलेच एक प्रकरण गेले होते. बापाने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला भाग "प्रेमापोटी" दान दिला होता, तो दस्त टिकला नाही. धर्मकार्य सोडून तशी मुभा नाही म्हणाले. म्हणूनच मी आधी विचारले, आजोबांनी जमीन कशी मिळवली. इथे वारसाने मिळालेला प्रत्येकाचा स्वतःचा हिस्सा आहे, तो वाटणीआधीही देता येतो. 1978 चे खरेदीखत म्हणूनच महत्त्वाचे. ट्रंकेतून काढ आणि सही शिक्क्याची नक्कल सबरजिस्टर कचेरीतून घेऊन ठेव.

चिकोडीची_माहेरवाशीण
आजीचे वय किती? आणि आजीने सगळे लिहून दिले की तिची काळजी कोण घेणार? आमच्या आईने दानपत्र केले, आता सून विचारते, तुमचे इथे काय आहे. ते रद्द होत नाही म्हणे.

मलप्रभाकाठ
आजी 81. तल्लख आहे. आणि ताई, ती फक्त आत्याकडून आलेला हिस्सा मला देणार, तिचा स्वतःचा तिसरा भाग तिच्याकडेच राहील. पण तुमचे म्हणणे बरोबर, तिला उत्पन्न हवे.

जुना_दस्तलेखक
आता त्या तिसऱ्या लेखकाची पाच हजारांची सेटलमेंट. कानडीत त्याला व्यवस्थापत्र म्हणतात, हक्कसोडीला हक्कु बिडुगडे पत्र. दानात देणारा देऊन मोकळा होतो. व्यवस्थापत्रात माणूस घरातल्यांसाठी मांडणी करून ठेवतो: मालकी आज नातवाची, पण मी आहे तोवर पीक आणि राहणे माझे, धाकट्याने अमुक करायचे, थोरल्याने तमुक. दानातही हयातीचा हक्क राखता येतो. पण दोन-तीन माणसांना वेगवेगळे काही द्यायचे असेल आणि अटी असतील तर व्यवस्थापत्र सुटसुटीत. तुझ्या बाबतीत एकच माणूस, एकच हिस्सा. अटी घालून दानपत्रही चालेल. तुझ्या जागी मी दानपत्रच केले असते, कारण कचेरीत प्रश्न कमी विचारतात.

व्यवस्थापत्र लिहिताना घात करणारे वाक्य एकच: "माझ्या मृत्यूनंतर मालकी मिळेल." तसे लिहिले की ते मृत्युपत्र होते, मग नोंदणी केली तरी आजी उद्या ते बदलू शकते. मालकी "आजपासून" दिली असे लिहायचे, फक्त उपभोग हयातभर राखायचा.

ताईंच्या आईचे: नोंदलेले दान मन बदलले म्हणून रद्द होत नाही, खरे आहे. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिले असेल आणि सांभाळले नाही, तर बेळगावात सहाय्यक आयुक्तांपुढच्या न्यायाधिकरणात जाऊन हस्तांतर रद्द करून मागता येते. अट दस्तात लिहिलेली नसली की अडचण येते. 2022 च्या एका निकालात कोर्टाने ती दाखवावी लागते असे म्हटले, 2025 मध्ये दुसऱ्या प्रकरणात जरा मोकळेपणाने पाहिले. तुमच्या आईच्या दस्तात काय शब्द आहेत ते वाचून घ्या.

मलप्रभाकाठ, म्हणून आजीच्या दस्तात सांभाळाची अट तूच आग्रहाने घाल. तुला जड वाटेल, पण आत्याही निर्धास्त होईल.

तिसरे_रेल्वे_गेट
पुण्यात नोकरी करणाऱ्याला कर्नाटकात शेतजमीन घेता येत नाही असे ऐकले होते. शेतकरी दाखला?

निपाणी_नाका
ते जुने. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब कलमे 2020 मध्ये काढली. आता ती अडचण नाही.

मलप्रभाकाठ
मग कचेरीत कोण-कोण लागेल? आणि उताऱ्याच्या रकान्यात बाबांच्या सोसायटी कर्जाचा बोजा दिसतोय, त्याचे काय?

जुना_दस्तलेखक
बोजा कोणी चढवला ते आधी बघ. बाबांनी एकट्याने पीककर्ज घेतले असेल तरी उताऱ्याच्या रकाना 11 मध्ये तो पूर्ण सर्व्हे नंबरवर दिसतो. तुझ्याकडे येणाऱ्या हिश्श्यावर तो खरोखर लागतो का, हे कर्जाच्या गहाणखतावर कोणाच्या सह्या आहेत त्यावर ठरेल. आजी किंवा आत्याची सही असेल तर प्रश्न अवघड. सोसायटीतून त्या कागदाची नक्कल घेतल्याशिवाय कचेरीची वेळ घेऊ नकोस. ते मला इथून सांगता येणार नाही.

हजर कोण: आत्या, आजी, दोन साक्षीदार आणि तू. दान स्वीकारल्याची सही तुझी लागते, आणि ती आजीच्या हयातीतच. साक्षीदार तरुण आणि गावात राहणारे घे. वीस वर्षांनी कोर्टात त्यांना बोलवावे लागते, त्या वेळी ते जिवंत असावेत.

अजून एक, आपल्या भागातले. दस्त कानडीत लिहितात. आत्या कोल्हापूरची, तिला कानडी वाचता येत नाही. शेवटी "दस्त मराठीत वाचून दाखवला, मला समजला आणि मान्य आहे" अशी ओळ घाल, आणि खरोखर वाचून दाखव. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, फसवून सही घेतली. भावजयीने नणंदेच्या मुलांना पेटवले की हा मुद्दा पहिला निघतो.

नोंदणी झाली की जे स्लिप, म्हणजे दस्ताची सूचना, उतारे सांभाळणाऱ्या भूमी यंत्रणेकडे आपोआप जाते. हरकतीची मुदत गेली की नाव चढते. बाबा हरकत घेतील का?

मलप्रभाकाठ
काल रात्री बाबांना सांगितले. आधी जेवले नाहीत. मग म्हणाले, "बहिणीचा विश्वास उरला नाही म्हणून ती माझ्या हाती देत नाही, हे मला कळतं. घे तू." हरकत घेणार नाहीत असे वाटते, पण लेखी मागायला मन होत नाही.

सोसायटीत सोमवारी जातो. आजीला सगळे समजावून सांगितले, तर ती म्हणाली, "तिचा भाग माझ्या नावावर घालून मग तुझ्या नावावर करायचा, म्हणजे माझ्या नावावर किती वेळ राहणार?" म्हटले, अर्धा तास. हसली आणि म्हणाली, "मग त्या अर्ध्या तासात मीच कुणाला तरी विकून टाकते."

चिकोडीची_माहेरवाशीण
आजीला नमस्कार सांगा. आणि दस्तलेखक काका, माझ्या 2011 च्या बाँडसाठी वेगळा धागा काढते, तिथे येणार ना?

जुना_दस्तलेखक
काढा ताई. बाँडचा फोटो टाकू नका, नावे झाका, फक्त शेवटचा परिच्छेद शब्दशः लिहा.